पातळ, तरीही कडू

विदर्भातल्या गावाकडे रोजचा मान चहाचा. कॉफी होते ती पाहुणा आला म्हणून, आणि तीही बहुतेक वेळा दुधात इन्स्टंट पावडर ढवळून. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्या-बंगळुरूहून घरी परतणाऱ्या मुलांच्या बॅगांतून, परदेशातल्या नातेवाइकांच्या भेटींतून आणि मेळघाटातल्या होमस्टेंमधून दोन नवी भांडी स्वयंपाकघरात आली आहेत: मोका पॉट आणि पर्कोलेटर. दोन्ही धातूची, दोन्ही थेट शेगडीवर ठेवायची, दोन्हींत एक नळी आणि एक भोकांचा डबा. त्यामुळे दोन्ही एकच समजून वापरली जातात. मग पर्कोलेटरची तक्रार सुरू होते: "पावडर कमी टाकली जी, तरी कडूच लागते."

या तक्रारीतच सगळं आलं. पावडर कमी केली म्हणून कडूपणा गेला नाही, असं सांगणाऱ्याला वाटतं. खरं म्हणजे पावडर कमी केल्यामुळेच तो वाढला. हे पटायला आधी दोन्ही भांड्यांत पाणी कुठून कुठे जातं ते बघावं लागतं.

त्याआधी हातातलं भांडं नेमकं कोणतं ते ओळखायला हवं, कारण ऑनलाइन दुकानांत मोका पॉटही पर्कोलेटर म्हणून विकला जातो आणि भांड्यांच्या दुकानात त्याच नावानं कधीकधी स्टीलचा दक्षिणी फिल्टर पुढे येतो. दक्षिणी फिल्टर शेगडीवर चढतच नाही, त्यात वरून गरम पाणी ओततात. उरलेल्या दोघांची खूण सोपी आहे. तयार कॉफी वरच्या वेगळ्या खोलीत साठत असेल तर तो मोका. कॉफी ज्या पाण्यातून निघाली त्याच पाण्यात परत पडत असेल तर तो पर्कोलेटर. चवीतला सगळा फरक या दुसऱ्या वाक्यात आहे.

पर्कोलेटर उघडला की आत एक उभी पोकळ नळी दिसते. तिच्या खालच्या टोकाला घंटेसारखा पसरट पाया असतो आणि तो भांड्याच्या तळाला टेकतो. नळीच्या वरच्या भागात भोकांचा डबा अडकवायचा, त्यात कॉफी घालायची, वर भोकांची चकती ठेवायची आणि काचेचा गट्टू असलेलं झाकण लावायचं. पाणी डब्याच्या तळाखालीच राहायला हवं. शेगडी पेटली की घंटेखाली अडकलेला पाण्याचा पातळ थर सगळ्यात आधी उकळतो. त्यातून सुटलेले वाफेचे बुडबुडे नळीतून वर निघतात आणि स्वतःबरोबर पाण्याचे घोट वर उचलून नेतात. नळीच्या तोंडाशी पाणी उसळतं, चकतीवर पसरतं, कॉफीतून झिरपतं आणि खालच्या पाण्यात ठिबकतं. तेवढ्यात घंटेखाली नवं पाणी शिरलेलं असतं, पुन्हा उसळी येते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हॅन्सन गुडरिच यानं शेगडीवरच्या पर्कोलेटरचं पेटंट १८८९ साली घेतलं. यंत्राचं तत्त्व आजही तेच आहे.

पहिल्या काही उसळ्यांत वर जातं ते स्वच्छ पाणी. ते खाली येतं तेव्हा त्यात कॉफी मिसळलेली असते. पुढच्या उसळ्यांत तीच पातळ कॉफी वर चढते आणि त्याच चोथ्यातून पुन्हा जाते. भांड्याला थांबायचं कळत नाही. आच असेपर्यंत फेरे चालू राहतात. शिवाय वर चढणारा प्रत्येक घोट उकळत्या तळाशी तापून आलेला असतो, म्हणजे पाणी कायम उकळबिंदूजवळचंच.

मोका पॉट वेगळ्या रीतीनं चालतो. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यानं १९३३ साली तो आणला. खाली पाण्याची खोली, तिच्या बाजूला छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह. तिच्यात बसतो नरसाळ्यासारखा डबा, वरच्या भागात कॉफी आणि खालची नळी पाण्यात बुडलेली. त्यावर आट्यांनी घट्ट फिरवून बसवायची वरची खोली. तिच्या बुडाशी जाळी आणि रबरी वायसर असतो. हे सगळं हवाबंद होतं, आणि तिथेच खरी गंमत आहे. खालच्या खोलीत पाण्याच्या वर थोडी हवा अडकलेली असते. तापताना ती हवा फुगते, तिच्यात वाफेचा दाब मिळतो, आणि दोघं मिळून पाण्याला नळीतून वर ढकलतात. त्यासाठी पाणी उकळावंच लागतं असं नाही. उकळायच्या बरंच आधी ते चढायला लागतं. कॉफीच्या थरातून ते एकदाच जातं, वरच्या खोलीतल्या उभ्या नळीतून बाहेर पडतं आणि तिथेच साठतं. परतीची वाटच नाही. दाब वातावरणाच्या जेमतेम दीड पटीच्या आसपास असतो. एस्प्रेसो यंत्र नऊ पट दाबानं काम करतं, म्हणून मोकाच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणणं बरोबर नाही. पण ती दाट असते, यात शंका नाही.

आता हिशोबाकडे येऊ. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, बाकी लाकडासारखा चोथा. त्या ३० टक्क्यांतलं सगळंच प्यावंसं नसतं. आंबटगोड आणि सुगंधी भाग लवकर सुटतो, तुरट आणि कडू भाग मागाहून, रेटून काढल्यावर. कॉफी चवीला बरी लागते ती साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरल्यावर. अमेरिकेत १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या कामातून हे गणित रूढ झालं आणि कॉफी मोजणारे लोक अजूनही तेच धरून चालतात.

पर्कोलेटरमध्ये ७५० मिली पाणी आणि ४५ ग्रॅम कॉफी घेऊ. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे हाती ६६० मिलीच्या आसपास कॉफी येईल. ४५ ग्रॅममधून चांगल्यापैकी ८ ते १० ग्रॅम उतरायला हवेत. जास्तीत जास्त उतरू शकतात १३ ते १४. हे मधले चारेक ग्रॅम म्हणजेच घशाला चरचरणारी कॉफी. ९ ग्रॅम उतरले तर पेल्यातल्या कॉफीत विरघळलेला भाग सव्वा ते दीड टक्का भरतो. ही दाट कॉफी नव्हे.

मोकाचं तीन कपांचं भांडं घेतलं तर १५-१६ ग्रॅम कॉफीतून ३ ग्रॅमच्या आसपास भाग उतरतो, पण तो उतरतो ११० मिलीच्या आत-बाहेर पाण्यात. म्हणजे जवळजवळ तीन टक्के. पर्कोलेटरच्या दुप्पट दाट, तरी कडूपणा कमी. दाटपणा ठरतो किती पाण्यात किती भाग आहे त्यावर. कडूपणा ठरतो एकेका दाण्यातून किती ओरबाडून काढलं त्यावर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पर्कोलेटरबाबतचे जवळजवळ सगळे गैरसमज त्या एकच मानल्यामुळे होतात.

आता ती तक्रार पुन्हा बघा. कॉफी कडू लागली म्हणून पुढच्या वेळी ४५ ऐवजी २५ ग्रॅम घातली, पाणी तेच, वेळ तोच. आधी एका ग्रॅमच्या वाट्याला १७ मिली पाणी येत होतं, आता ३० मिली येतं. प्रत्येक कण आधीपेक्षा जास्त धुतला जातो, त्यातला मागचा कडू भागही निघून येतो. पेल्यात रंग फिका, अंग पातळ, आणि जिभेवर कडू ते कडूच. मग साखर वाढते, दूध वाढतं, आणि भांडं माळ्यावर जातं. उपाय उलटा आहे. पावडर पूर्ण घालायची, दाणा जाड ठेवायचा आणि वेळ कमी करायचा.

वेळेचं गणित उसळ्यांतून समजतं. एका उसळीत अंदाजे ५ मिली पाणी चढतं असं धरलं आणि दर दोन सेकंदांनी एक उसळी येऊ दिली, तर मिनिटाला १५० मिली वर जातं. ७५० मिलीचा एक पूर्ण फेरा व्हायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे मंद आचेवर पाच मिनिटांत सरासरी एकच फेरा. सरासरी म्हणायचं कारण असं की पाणी आत सतत मिसळत असतं, त्यामुळे काही थेंब दोन-तीनदा जातात आणि काही एकदाही नाही. आता आच मोठी ठेवून सेकंदाला दोन-तीन उसळ्या येऊ दिल्या आणि भांडं दहा मिनिटं विसरलं, तर तेच पाणी चोथ्यातून आठ ते बारा वेळा फिरतं. कॉफीचा दाणा तोच, पाणी तेच, फरक फक्त बर्नरच्या खटक्याचा.

फेऱ्यांइतकंच नुकसान तापत राहण्यानं होतं. पर्कोलेटरमधली तयार कॉफी उकळबिंदूजवळच राहते. तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं तापत राहिली की फुटतात आणि क्विनिक व कॅफेइक आम्ल सुटतं. गॅसवर तासभर राहिलेल्या कॉफीला जो तुरट-आंबट, घसा ओढणारा चटका येतो, त्यात या आम्लांचा मोठा वाटा असतो. सुगंधी द्रव्यं तर वाफेबरोबर आधीच उडालेली असतात. पर्कोलेटर चालू असताना ओसरीपर्यंत दरवळ येतो तो हुंगायला छान वाटतो, पण जे ओसरीत पोचलं ते पेल्यात नाही.

चिखलदऱ्याचं उदाहरण इथे कामाचं आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं, आणि तिथे येणारे पाहुणे कॉफी मागतातच. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर पाणी १०० ऐवजी साधारण ९६ अंशांवर उकळतं. कॉफी गाळण्यासाठी ९२ ते ९६ अंश हे तापमान उत्तम मानतात. त्यामुळे चिखलदऱ्यात पर्कोलेटरची कॉफी खाली परतवाड्यापेक्षा चांगली व्हावी असं वाटेल. थोडा फरक पडतोही. पण फेरे आणि वेळ आवरला नाही तर हे चार अंश काही वाचवत नाहीत. यावरून इतकं कळतं की खरा दोष उकळत्या पाण्यात कमी आणि त्याच्या फिरत राहण्यात जास्त आहे.

मग पर्कोलेटर नीट कसा चालवायचा? आधी नळी-डबा न घालता नुसतं पाणी गरम करायचं, बुडाशी बारीक बुडबुडे धरेपर्यंत. त्याच वेळी डब्यात कॉफी भरून, न दाबता, फक्त हलवून सपाट करायची. मग आच बंद करून नळी आणि डबा आत सोडायचा, झाकण लावायचं आणि मंद आच पेटवायची. पहिली उसळी झाकणाच्या काचेत दिसली की घड्याळ बघायचं. दोन ते तीन सेकंदांना एक उसळी, याहून जास्त नको. जास्त झाली तर आच कमी करायची. पहिल्या उसळ्या बिनरंगी दिसतील, मग पिवळसर, मग तांबूस. चार ते सहा मिनिटांत काचेत दिसणारा रंग उजळ तपकिरी होतो. तो काळा पडायची वाट बघायची नाही. तिथे आच बंद. उसळ्या थांबल्या की डबा चिमट्यानं किंवा फडक्यानं धरून लगेच बाहेर काढायचा. हे शेवटचं काम बहुतेक घरांत राहून जातं, आणि डबा आतच राहिला तर वाफेवर भिजलेला चोथा पेल्यागणिक आपला कडूपणा ठिबकत बसतो.

दाण्याचं म्हणाल तर बाजारात तयार मिळणारी फिल्टर कॉफीची पावडर पर्कोलेटरसाठी फारच बारीक असते. ती डब्याच्या भोकांतून खाली पडते आणि भांड्यात उकळत राहते. मग डबा काढून उपयोग नाही, कारण कॉफी खालीही शिजतेच आहे. किंवा ती फुगून भोकं बुजवते आणि डबा काठोकाठ भरून चोथ्यासकट वाहतो. त्यात चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, असेल तर गोष्ट आणखी बिघडते. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. चिकोरी कॉफीपेक्षा जास्त विरघळते, स्वतःचा जळकट कडूपणा आणते आणि डब्यात चिकट गाळ करते. पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्यावं आणि या भांड्यासाठी निव्वळ कॉफीच आणावी.

दाणे आणून घरी दळायचे तर मिक्सरचं लहान भांडं चालतं. सलग फिरवू नका, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये भांडं हलवा. दळण असमान येणारच. ते रव्याच्या चाळणीतून चाळलं की वर उरलेला जाड, लापशीच्या रव्याएवढा भाग पर्कोलेटरला, आणि खाली पडलेला मोकाला. खालच्या भागातली धूळ मैद्याच्या चाळणीनं काढून टाकली तर मोकाही सुधारतो. एका दळणात दोन्ही भांड्यांची सोय होते, ही पद्धत मला गावच्या घरासाठी सगळ्यात सोयीची वाटते.

मोकाही कडू होऊ शकतो, पण त्याची कारणं वेगळी आणि दिसायला सोपी आहेत. खालच्या खोलीत पाणी व्हॉल्व्हच्या खालीच थांबवायचं. वर गेलं तर व्हॉल्व्हचं काम अडतं. डबा काठोकाठ भरायचा, पण दाबायचा नाही. तीन कपांच्या भांड्यात एका कपाची कॉफी करायला गेलं की पाणी अर्ध्या रिकाम्या डब्यातून धावतं आणि चव बिघडते. म्हणून माणसं बघून भांड्याचा आकार ठरवावा. आट्यांजवळ वाफ किंवा पाणी गळत असेल तर डब्याच्या काठावर पावडरचे कण राहिलेत, नाहीतर वायसर कडक झालाय. खालच्या खोलीत दूध कधीही घालू नका. ते करपतं, व्हॉल्व्ह बुजवतं, आणि दाब निघायची वाटच बंद होते. नरसाळ्याच्या नळीखाली थोडं पाणी शेवटी उरतं, तो दोष नाही.

मोका चढवताना वरचं झाकण उघडं ठेवा आणि उभ्या नळीकडे बघत उभे राहा. आधी गडद, जवळजवळ काळपट धार हळूच डोकावते आणि नळीच्या अंगावरून ओघळते. मग ती तांबूस-तपकिरी होते, पुढे मधाच्या रंगाची. मग एकदम फिकट पिवळा फेस, थुईथुई उडणारे शिंतोडे आणि गुरगुराट. गुरगुराट म्हणजे खालचं पाणी संपत आलं आणि आता चोथ्यातून वाफ घुसते आहे. ही वाफ १०० अंशांच्याही वर असते आणि चोथ्यातला उरलासुरला कडूपणा खरवडून आणते. म्हणून धार मधाच्या रंगाची झाली की, गुरगुरण्याच्या आधीच, भांडं उचलायचं आणि बूड नळाच्या पाण्याखाली धरायचं. मोकाचा कडूपणा शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत येतो. पर्कोलेटरचा सगळ्या वेळभर थोडा थोडा साचतो. म्हणून मोका सुधारणं सोपं, पर्कोलेटर सांभाळणं अवघड.

पाण्याचाही विचार करावा लागतो, विशेषतः अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतली आंबटाई मारून टाकतात, मग कडूपणा एकटाच पुढे येतो. शिवाय पांढरा थर पर्कोलेटरच्या घंटेखाली आणि मोकाच्या व्हॉल्व्हवर बसतो. पाणी नुसतं जड असेल तर आदल्या रात्री उकळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं वापरलं तरी बराच फरक पडतो. खारं असेल तर उकळून काही होत नाही, तिथे आरओच्या कॅनचं पाणी घ्यावं.

चुलीवर करायचं असेल तर पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर दोन्ही भांडी चढवू नका. ती पटकन भडकतात, पटकन विझतात, आणि पर्कोलेटरला हवी ती एकसारखी मंद आच मिळत नाही. मोकाचा दांडा तर वितळतोच. जाळ ओसरल्यावर निखारे पुढे ओढून त्यावर लोखंडी जाळी ठेवली की दोन्ही चालतात. गॅसवर मोकासाठी लहान बर्नर घ्यावा. ज्योत बुडाच्या बाहेर येता कामा नये.

दोघातिघांसाठी मी मोकाच सुचवीन. दाट कॉफी काढून हवं तेवढं गरम पाणी किंवा दूध त्यात घालता येतं. पण घरात दहा माणसं बसली असतील, पंगतीनंतर सगळ्यांना एकदम काळी कॉफी हवी असेल, तर मोकाचे चार-चार घाणे काढत बसण्यापेक्षा मोठा पर्कोलेटर बरा, सहा मिनिटांच्या वर न जाऊ देता. उरलेली कॉफी मात्र गॅसवर ठेवू नये. डबा काढून लगेच थर्मासमध्ये ओतावी.